महाराष्ट्र कसा घडला: सरकत्या सीमांच्या नकाशासाठी प्रॉम्प्ट कसा लिहावा

प्रश्न: नववी-दहावीच्या मुलांसाठी 'महाराष्ट्र राज्य कसं तयार झालं' हे दाखवणारं दीड मिनिटाचं अ‍ॅनिमेशन एआय टूलकडून करून घ्यायचं आहे. खाली टाइमलाइन, वर नकाशा, बदलत जाणाऱ्या सीमा आणि साधी मराठी लेबलं, एवढंच हवं. पण दर वेळी नकाशा वेगळाच येतो, विदर्भ कुठेही सरकतो आणि अक्षरं मोडतात. प्रॉम्प्ट नेमका कसा लिहायचा?

उत्तर:

तुम्ही बहुधा व्हिडिओ बनवणाऱ्या टूलला हे काम सांगत आहात. तसं असेल, तर शब्द कितीही बदललेत तरी अडचण सुटणार नाही. ती टूल्स नकाशा 'दिसतो कसा' हे शिकलेली असतात. बुलढाण्याची हद्द कुठे संपते आणि जालन्याची कुठे सुरू होते, हे त्यांना ठाऊक नसतं. चित्र पुढे सरकतं तशी सीमा अंदाजाने पुन्हा रेखाटली जाते, म्हणून विदर्भ हलतो. अक्षरंही त्यांच्या लेखी चित्रच असतात, म्हणून 'महाराष्ट्र'मधला 'ष्ट्र' दर वेळी नवा आकार घेतो.

हेच काम कोड लिहून देणाऱ्या भाषा-मॉडेलकडे न्या आणि ब्राउझरमध्ये चालणारं एकच वेबपान मागा. नकाशाची फाइल तुम्ही द्यायची, कोणता भाग कधी कोणत्या राज्यात होता याचा तक्ताही तुम्हीच द्यायचा. मॉडेलने फक्त हलवण्याची यंत्रणा लिहायची. मग सीमा फाइलमधून येतात, अक्षरं फॉन्टमधून येतात आणि पान शंभर वेळा उघडलं तरी नकाशा तोच राहतो. शेवटी स्क्रीन रेकॉर्ड केली की व्हिडिओ तयार.

आता प्रॉम्प्टच्या गाभ्याकडे येते. 'सीमा इकडून तिकडे सरकव' असं लिहू नका. रेषेचं वर्णन शब्दांत करता येत नाही, आणि इतिहासात घडलंही तसं नव्हतं. १९५६ ला आणि १९६० ला जिल्हे आणि तालुके एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले. जमिनीचे तुकडे जागेवरच राहिले, त्यांचं राज्य बदललं. म्हणून मॉडेलला तुकडे द्या आणि प्रत्येक तुकड्याचं त्या-त्या तारखेचं राज्य द्या. सीमा आपोआप निघते: शेजारच्या दोन तुकड्यांचं राज्य वेगळं असेल तिथे रेषा काढायची, सारखं असेल तिथे काढायची नाही. डी-थ्री ही चित्रं काढणारी कोड-लायब्ररी आणि टोपोजेसन हा सामाईक सीमा एकदाच साठवणारा नकाशाच्या फाइलीचा प्रकार वापरणाऱ्या पानात ही गोष्ट दोन ओळींत होते:

```
const seema = topojson.mesh(data, data.objects.taluke,
  (a, b) => rajya(a, tarikh) !== rajya(b, tarikh));
```

या दोन ओळी प्रॉम्प्टमध्ये जशाच्या तशा द्या. त्या दिल्या नाहीत तर मॉडेल प्रत्येक राज्याची बाह्यरेषा वेगळी काढतं आणि दोन राज्यांच्या मधली रेषा दुहेरी, जाड दिसते.

कुठून सुरुवात करायची

बहुतेक शिक्षकांना १५ ऑगस्ट १९४७ पासून सुरुवात करावीशी वाटते. मी तसं करत नाही. तेव्हाच्या मुंबई प्रांतात संस्थानांची ठिगळं होती. औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट, सांगली, मिरज यांच्या हद्दी आजच्या कोणत्याही जिल्ह्याशी जुळत नाहीत आणि काही संस्थानांचे तर तुकडे एकमेकांपासून दूर पसरलेले होते. दक्षिणेतली बहुतेक संस्थानं मार्च १९४८ मध्ये विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला, बडोदा १ मे १९४९ ला. हे सगळं आजच्या तालुक्यांच्या फाइलीतून उभं करायला गेलात तर नकाशा चुकेल, आणि मुलांच्या हाती रंगीत गोंधळाशिवाय काही लागणार नाही. संस्थानांचं विलीनीकरण हा वेगळा धडा ठेवा.

२६ जानेवारी १९५० हा सुरुवातीचा थांबा स्वच्छ आहे. त्या दिवशी मराठी मुलूख तीन राज्यांत विभागलेला दिसतो. कोकण, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्र मुंबई राज्यात. मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. तीन रंग, एक भाषा. पुढची दहा वर्षं कळायला मुलांना एवढं पुरतं.

त्यानंतर तीन थांबे: १ नोव्हेंबर १९५६, १ मे १९६० आणि १९ डिसेंबर १९६१. शेवटचा थांबा गोव्याचा. तो यासाठी, की जवळजवळ प्रत्येक तयार अ‍ॅनिमेशनमध्ये गोवा १९५० पासूनच भारताच्या रंगात दाखवलेला असतो. गोवा, दमण, दीव पोर्तुगीजांकडे होते हे नकाशाने अकरा वर्षं सलग दाखवलं, की मुलं स्वतःहून विचारतात, 'हा तुकडा अजून राखाडी का?'

तुकड्यांचा तक्ता

सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून तालुक्यांच्या सीमांची फाइल घ्या. त्या फाइलीच्या तक्त्यात क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'tukda' नावाचा एक स्तंभ वाढवा आणि प्रत्येक तालुक्यापुढे तो कोणत्या तुकड्यात येतो ते लिहा. बरेचसे तालुके जिल्ह्याने एकगठ्ठा निवडता येतात. आजचे मराठवाड्याचे आठही जिल्हे 'मराठवाडा' या एका तुकड्यात जातात. लातूर १९८२ साली आणि जालना १९८१ साली वेगळा झाला, पण त्यांची जमीन १९५० ला हैदराबाद राज्यातच होती, त्यामुळे रंग बरोबर येतो. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात होते, तरीही राज्य हैदराबादच.

जिल्हा उचलून चालत नाही अशी एक जागा आहे, आणि ती नेमकी निसटते. आजचा चंद्रपूर जिल्हा सरसकट विदर्भात टाकला तर १९५० चा नकाशा चुकतो. राजुरा तालुका तेव्हा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि पुढे चांदा जिल्ह्याला जोडला गेला. म्हणून राजुरा, आणि त्यातून नंतर निघालेले कोरपना व जिवती, यांचा वेगळा तुकडा करा. जिल्ह्यांच्या फाइलीऐवजी तालुक्यांची फाइल घ्यायला सांगते ती यासाठीच. दुसरी अशी जागा चंदगड. १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. तो आज कोल्हापूर जिल्ह्यात असल्यामुळे आजच्या फाइलीत आपोआप बरोबर बाजूला पडतो. ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली आणि पश्चिम खानदेशातली जी गावं १९६० ला गुजरातेत गेली, त्यांचंही तसंच: १९६० पर्यंत दोन्ही बाजू मुंबई राज्यातच होत्या, त्यामुळे आजची हद्द वापरली तरी आधीच्या थांब्यांवर काही बिघडत नाही.

प्रॉम्प्टसोबत द्यायचा तक्ता असा दिसेल:

```
तुकडा,1950,1956,1960,1961
पश्चिम,मुंबई,मुंबई,महाराष्ट्र,महाराष्ट्र
मराठवाडा,हैदराबाद,मुंबई,महाराष्ट्र,महाराष्ट्र
विदर्भ,मध्य प्रदेश,मुंबई,महाराष्ट्र,महाराष्ट्र
राजुरा,हैदराबाद,मुंबई,महाराष्ट्र,महाराष्ट्र
बेळगाव-धारवाड,मुंबई,म्हैसूर,म्हैसूर,म्हैसूर
गुलबर्गा-रायचूर,हैदराबाद,म्हैसूर,म्हैसूर,म्हैसूर
तेलंगण,हैदराबाद,आंध्र प्रदेश,आंध्र प्रदेश,आंध्र प्रदेश
गुजरात,मुंबई,मुंबई,गुजरात,गुजरात
सौराष्ट्र,सौराष्ट्र,मुंबई,गुजरात,गुजरात
कच्छ,कच्छ,मुंबई,गुजरात,गुजरात
मध्य प्रदेश,मध्य प्रदेश,मध्य प्रदेश,मध्य प्रदेश,मध्य प्रदेश
गोवा,पोर्तुगीज,पोर्तुगीज,पोर्तुगीज,भारत
```

'बेळगाव-धारवाड' या तुकड्यात बेळगाव, विजापूर, धारवाड आणि उत्तर कन्नड हे तेव्हाचे चार जिल्हे आहेत. आजच्या फाइलीत त्यांच्यातून निघालेले बागलकोट, गदग, हावेरीही त्यातच घाला. 'गोवा' या तुकड्यात दमण आणि दीवही टाका. बाकी चौकटीत जे येईल ते 'शेजार' म्हणून फिकट ठेवा. पण मध्य प्रदेशातले बैतूल, छिंदवाडा, सिवनी, बालाघाट असे विदर्भाला लागून असलेले जिल्हे रंगात असू द्या. ते फिकट केले तर विदर्भ म्हणजेच मध्य प्रदेश अशी मुलांची समजूत होते. तेलंगण आणि गुलबर्ग्याकडचा भाग ठेवण्याचं कारणही हेच: हैदराबाद राज्याचे १९५६ ला तीन वाटे झाले हे दिसलं पाहिजे. मराठवाडा नुसता रंग बदलताना दिसला तर तो कुठून आला हे कळत नाही.

काही गोष्टी मी जाणूनबुजून सोडल्या आहेत. अबू रोड तालुका १९५६ ला राजस्थानात गेला, आणि अमरेलीकडचा काही भाग १९५० ला सौराष्ट्रात नसून मुंबई राज्यात होता. महाराष्ट्राच्या धड्यात त्यांनी काही अडत नाही. पण 'सौराष्ट्र व राजस्थान सीमेवरील लहान तपशील वगळले आहेत' अशी बारीक ओळ पानाच्या तळाशी असू द्या.

तक्ता झाला की मॅपशेपर या नकाशाच्या फाइलींवर काम करणाऱ्या साधनाला ही आज्ञा देऊन फाइल हलकी करायची:

```
mapshaper -i taluke.shp encoding=utf8 -proj wgs84 -dissolve2 tukda -simplify 8% keep-shapes -o nakasha.json format=topojson
```

एकाच तुकड्याचे तालुके यात एकत्र होतात, सीमांचे बारीक वळसे कमी होतात आणि शेजारच्या तुकड्यांची सामाईक रेषा एकच राहते. हेच काम प्रत्येक तुकड्यावर वेगवेगळं केलं तर दोन तुकड्यांमध्ये पांढऱ्या फटी पडतात. `-proj wgs84` विसरू नका. सर्व्हेच्या फाइली बऱ्याचदा अक्षांश-रेखांशांत नसून मीटरमध्ये असतात, आणि तशीच फाइल गेली की पान कोरं दिसतं.

प्रॉम्प्ट

हा मी वापरते तो साचा, तुमच्या धड्यासाठी बेतलेला:

```
सोबत nakasha.json (टोपोजेसन, object चं नाव taluke, गुणधर्म tukda)
आणि rajya.csv (कोणता तुकडा कोणत्या थांब्यावर कोणत्या राज्यात) आहे.
यांवरून एकच HTML फाइल तयार कर. डेटा, d3, topojson-client आणि फॉन्ट
फाइलच्या आतच हवेत; इंटरनेटशिवाय चालली पाहिजे. आकार 1280x720.

नकाशा: चौकट पूर्व रेखांश 68 ते 81.5, उत्तर अक्षांश 13.8 ते 24.8.
भौगोलिक आकार स्वतःहून काढू नकोस किंवा बदलू नकोस.
तक्त्यात नसलेलं राज्य, शहर, बाण, चिन्ह घालू नकोस.

थांबे: 26 जानेवारी 1950, 1 नोव्हेंबर 1956, 1 मे 1960, 19 डिसेंबर 1961.
दोन थांब्यांच्या मधल्या काळात नकाशा अजिबात बदलू नये.

बदल: तुकडा जागेवरच राहतो, त्याचा रंग 1.2 सेकंदांत बदलतो.
आकार ताणू नकोस, रेषा सरकवू नकोस. जुनी सीमा तुटक होऊन विरते,
नवी सीमा उमटते.
1956 चा क्रम: विदर्भ, मग मराठवाडा आणि राजुरा, मग सौराष्ट्र आणि कच्छ,
मग बेळगाव-धारवाड, शेवटी हैदराबादचे उरलेले दोन तुकडे.
प्रत्येकामध्ये 2 सेकंद. या वेळात टाइमलाइनचा ठिपका थांबलेला असावा.

टाइमलाइन: तळाशी 1950 ते 1962, वर्षांची अंतरं सारखी.
1953 (नागपूर करार) आणि 1955 (राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल)
इथे फक्त ठिपका आणि मजकूर; नकाशावर परिणाम नाही.

लेबलं: फॉन्ट Mukta, किमान 28px, एका वेळी जास्तीत जास्त सहा.
जागा मी दिलेल्या रेखांश-अक्षांशांवर, मध्यबिंदू काढू नकोस.
अक्षरं एकेक करून उमटवू नकोस, letter-spacing शून्य ठेव.
लेबल पूर्ण शब्द म्हणूनच उमटेल आणि विरेल.
पडद्यावरचे सगळे अंक देवनागरी.

नियंत्रण: स्पेसने थांबणं-चालू होणं, बाणांनी मागचा-पुढचा थांबा.
आधी फक्त 1950 चा स्थिर नकाशा दे. मी तपासल्यावर पुढचं सांगेन.
```

शेवटची ओळ महत्त्वाची. सगळं एकदम मागितलं की चूक डेटामध्ये आहे की हालचालीच्या कोडमध्ये, हे कळत नाही. आधी स्थिर नकाशा, मग थांबे बदलणारे बाण, मग रंगांतर, सर्वांत शेवटी टाइमलाइन. दुरुस्ती सांगताना 'फक्त लेबलांच्या जागा बदल, बाकी कोडला हात लावू नकोस' असं स्पष्ट लिहा.

'रेषा सरकवू नकोस' ही अट विचित्र वाटेल, कारण तुम्हाला सरकणाऱ्या सीमाच हव्या आहेत. पण रेषा हळूहळू सरकली तर ती मधल्या जागांवरून जाताना दिसते. १९५३ ला सीमा नांदेडजवळ होती, १९५५ ला हिंगोलीजवळ आली, असं मूल वाचतं. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ च्या आदल्या रात्रीपर्यंत सीमा जुनी होती आणि दुसऱ्या दिवशी नवी. एखाद्या मोहिमेत फौजा पुढे सरकतात तशी सरकती रेषा कायद्याने झालेल्या पुनर्रचनेला लावता येत नाही. मुलांच्या डोळ्याला बदल दिसायला हवा, म्हणून तुकडे एकामागून एक रंग बदलतात. पण तो क्रम फक्त दिसण्यासाठी आहे, तारीख एकच आहे, हे थांबलेल्या ठिपक्यावरून कळतं. वर्गात हे एकदा तोंडानेही सांगा.

१९५५ च्या ठिपक्याबद्दलही काळजी घ्या. राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. मॉडेलला पुरेशी बंधनं घातली नाहीत तर त्याच्या माहितीतलं ते राज्य एखाद्या फेरीत नकाशावर रंगवून येतं. शिफारस ही सीमा नव्हे. ती मजकुरातच राहू द्या.

लेबलं

तुमची अक्षरं मोडायचं एक कारण व्हिडिओ टूल हे होतं. पण कोडच्या मार्गानेही ती मोडू शकतात, आणि त्याला जवळजवळ नेहमी दोनच गोष्टी जबाबदार असतात. पहिली म्हणजे टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटवणं. देवनागरी जोडाक्षर संगणकाच्या आत अनेक खुणांचं बनलेलं असतं. ते मध्येच तोडलं की 'राष्ट्र' आधी 'राष', मग 'राष्', मग 'राष्ट' असं दिसत राहतं. दुसरी म्हणजे अक्षरांमधली जागा वाढवणं. इंग्रजी नकाशांत मोठ्या राज्याचं नाव ऐसपैस पसरवतात, मॉडेल तेच इथे करतं आणि शिरोरेषा तुटते. मोठं राज्य दाखवायचं तर अक्षराचा आकार वाढवा, अंतर नको.

जागा तुम्हीच द्या. १९५० चं मुंबई राज्य गुजरातेपासून धारवाडपर्यंत पसरलेलं आहे. अशा आकाराचा आपोआप काढलेला मध्यबिंदू भलतीकडे जातो आणि दर थांब्याला नाव उडी मारतं. मी साधारण या जागा देते: 'मुंबई राज्य' ७५.०, १९.०, 'हैदराबाद' ७७.८, १७.८, 'मध्य प्रदेश' ७८.८, २१.५, 'सौराष्ट्र' ७१.०, २२.०, 'कच्छ' ६९.८, २३.४, 'म्हैसूर' ७५.८, १५.५, 'गुजरात' ७२.३, २२.८, 'महाराष्ट्र' ७६.०, १९.४. पहिला आकडा रेखांशाचा. मॉडेल दोन्हींची अदलाबदल करतं तेव्हा सगळी नावं नकाशाबाहेर गायब होतात. १९५६ चं 'मध्य प्रदेश' हे लेबल मात्र उत्तरेला, २२.३ च्या आसपास सरकवा, नाहीतर ते विदर्भावरच राहील.

नावं त्या काळची ठेवा. म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ साली, त्यामुळे या नकाशात 'कर्नाटक' कुठेच येत नाही. जिल्ह्यांची नावं शक्यतो टाळाच. धडा राज्यांचा आहे, आणि आज छत्रपती संभाजीनगर, धाराशिव म्हणणाऱ्या मुलाला जुनं नाव दाखवायचं तर त्याचा खुलासा करावा लागतो. तो खुलासा वर्गात होऊ शकतो, पडद्यावर गर्दी नको.

रंग आणि १९६०

प्रत्येक राज्याचा रंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवा आणि लाल-हिरवा एकमेकांशेजारी आणू नका, काही मुलांना तो फरक दिसत नाही. मुंबई राज्याला पिवळसर, हैदराबादला निळा, मध्य प्रदेशाला जांभळा, पोर्तुगीज भागाला राखाडी असं मी ठेवते.

१ मे १९६० ला प्रश्न येतो: मुंबई राज्याचा पिवळा रंग कोणाला द्यायचा? कायद्याच्या भाषेत गुजरात हे नवं राज्य तयार झालं आणि उरलेल्या मुंबई राज्याचं नाव महाराष्ट्र झालं. त्या हिशेबाने महाराष्ट्राने पिवळा रंग पुढे चालवायला हवा. पण नकाशावर तसं दाखवलं की 'महाराष्ट्रातून गुजरात फुटला' असं मुलं लिहितात. द्विभाषिक राज्याचे दोन वाटे झाले हे समजायला हवं असेल, तर पिवळा रंग संपवा आणि दोन्ही राज्यांना एकाच क्षणी नवे रंग द्या, महाराष्ट्राला केशरी आणि गुजरातला निळसर-हिरवा. मी हाच मार्ग घेते आणि कायद्यातली शब्दरचना तोंडी सांगते. डांग जिल्हा गुजरातेत गेला, तो 'गुजरात' तुकड्यातच असू द्या.

बेळगावबद्दल मुलं विचारतीलच. नकाशा त्या-त्या दिवशीची प्रशासकीय सीमा दाखवतो, महाराष्ट्राचा दावा दाखवत नाही. तो भाग तुटक रेषेने किंवा पट्ट्यापट्ट्यांनी रंगवू नका, कारण मग एकाच नकाशात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. सीमाप्रश्न १९५६ च्या थांब्यावर पान थांबवून सांगता येतो. स्पेसची कळ त्यासाठीच मागितली आहे.

वेळ

दीड मिनिटाचा हिशेब मी असा करते: १९५० वर १६ सेकंद, १९५६ पर्यंतच्या प्रवासाला १४, त्यात दोन ठिपके, १९५६ वर २२, कारण खरा बदल तिथे आहे, पुढच्या प्रवासाला ६, १९६० वर २०, गोव्यापर्यंतचा प्रवास धरून शेवटाला १२. ठिपका सारख्या वेगाने चालवला तर सहा वर्षं पडदा नुसता स्थिर राहतो आणि १९५६ चे सगळे बदल डोळ्यासमोरून सटकतात.

तपासणी

पान हाती आलं की आधी बाणांनी एकेक थांबा पाहा, चालू करू नका. १९५० ला अहमदाबाद आणि बेळगाव एकाच रंगात हवेत, राजुरा आणि औरंगाबाद एकाच रंगात हवेत, आणि नागपूर या दोन्हींहून वेगळं. १९५६ ला भूज आणि नागपूर एकाच रंगात हवेत. हे दिसलं की द्विभाषिक राज्य केवढं होतं ते मुलांना एका नजरेत कळतं. बेळगावचा रंग त्या थांब्यावर बदललेला हवा, चंदगडचा नको. १९६० ला गोवा राखाडीच हवा. यातलं एकही चुकलं तर आधी तक्ता पाहा, कोड नंतर.

संपूर्ण पडदा एकाच रंगाने भरला असेल, तर कुठल्यातरी तुकड्याच्या कडेची दिशा उलटी आहे. डी-थ्री त्या तुकड्याला 'त्याच्याबाहेरची सगळी पृथ्वी' समजतं. मॉडेलला 'बहुभुजांची दिशा उलटी आहे, ती दुरुस्त कर' एवढंच सांगा. एखादा तुकडा कधीच रंग बदलत नसेल, तर नकाशातलं आणि तक्त्यातलं नाव तंतोतंत जुळत नाही. बहुतेकदा एखादी जास्तीची मोकळी जागा किंवा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक निघतो. जे तुकडे जुळले नाहीत त्यांची नावं पानावर लाल अक्षरांत दाखवायला सांगितलीत, तर शोधाशोध वाचते.

कच्छच्या वायव्येला देशाची सीमा चौकटीत येते. ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळणं ही कायद्याचीच अट आहे, म्हणून त्या बाजूला दुसऱ्या कुठल्याही संकेतस्थळाची फाइल वापरू नका.

रेकॉर्डिंग करण्याआधी पान एकदा इंटरनेट बंद करून उघडा. फॉन्ट फाइलच्या आत नसेल तर लेबलं लगेच वेगळ्या अक्षरांत दिसतील आणि रुंदी बदलल्यामुळे 'मध्य प्रदेश' सीमेबाहेर जाईल. सगळं ठीक असेल तर ब्राउझर पूर्ण पडद्यावर नेऊन ओबीएससारख्या साधनाने १२८० बाय ७२० मध्ये रेकॉर्ड करा. आवाज त्यावर नंतर घाला. पण वर्गात प्रोजेक्टर आणि लॅपटॉप असेल तर व्हिडिओपेक्षा पानच चालवा, कारण एखाद्या मुलाने 'परत १९५० दाखवा' म्हटलं तर डावा बाण दाबून लगेच मागे जाता येतं.